पाटल्यांच्या बिलातली घट

सराफ कट्ट्यातली धूळ झाडून, ती धुऊन तिच्यातून सोन्याचे कण काढणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. त्या कचऱ्यावर त्यांच्या पिढ्या जगल्या. घट म्हणजे काय, ते यावरून कळावं.

कारागीर सोनं आटवतो, तार ओढतो, कानस मारतो, झाळतो, शेवटी पॉलिश करतो. प्रत्येक वेळी थोडं सोनं निसटतं. ठुशीसारख्या दागिन्यात बारीक मणी आणि पुष्कळ सांधे, म्हणून तिथे घटही जास्त आणि हातही जास्त. मशीनच्या साध्या साखळीत दोन्ही कमी. मात्र कानशीचा कीस पेढीवर गोळा होतो, पुन्हा आटवला जातो. त्यामुळे बिलावरची घट ही सगळीच वाया गेलेल्या सोन्याची किंमत नसते. तिच्यात दुकानदाराचा नफाही मिसळलेला असतो. मजुरीचंही तसंच. ती टक्क्यांत लावली, की सोन्याचा भाव चढला तरी मजुरी आपोआप चढते. कारागिराने मात्र तेवढंच काम केलेलं असतं.

आता दोन दुकानं घ्या. वीस ग्रॅमच्या २२ कॅरेट पाटल्या, त्याच घडणीच्या. हिशेब सोपा व्हावा म्हणून भाव ग्रॅमला १०,००० धरू.

पहिला म्हणतो, "घट सहा टक्के, मजुरी ग्रॅमला सातशे." सहा टक्क्यांचं सव्वा ग्रॅमच्या आत, म्हणजे १.२ ग्रॅम सोनं, त्याचे १२,०००. पुढची मेख अशी, की मजुरी २० नव्हे, २१.२ ग्रॅमवर लावली आहे: १४,८४०. एकूण २,२६,८४०.

दुसऱ्याच्या काचेवर पाटी आहे: 'घट नाही'. मजुरी फक्त बारा टक्के. पण त्याचा भाव १०,१५० आहे. सोन्याचे २,०३,०००, मजुरी २४,३६०, एकूण २,२७,३६०. घट नाही म्हणणाराच पाचशे वीस रुपयांनी महाग निघाला.

म्हणून टक्के ऐकत बसू नका. दोघांकडून एकाच दिवशी जीएसटीआधीची एकूण रक्कम कागदावर घ्या आणि तिला निव्वळ सोन्याच्या वजनाने भागा. इथे पहिल्याचे ग्रॅमला ११,३४२ पडतात, दुसऱ्याचे ११,३६८. बेरजेवरचा ३ टक्के जीएसटी दोघांकडे सारखाच. वजन मात्र निव्वळच हवं: खडे, काळे मणी, मण्यांत भरलेली लाख वगळून. काट्यावरचं एकूण वजन सोन्याच्या भावाने लावलं असेल, तर लाखेलाही आपण सोन्याचा भाव देतो. हॉलमार्कवर दोन्हीकडे 22K916 आहे ना, तेही पाहा. १८ कॅरेटशी तुलना करण्यात अर्थ नाही.

मोडीचं आधीच विचारा. घट आणि मजुरी परत मिळत नाही. काही जण मोडीच्या वजनातूनही पुन्हा काही टक्के कापतात, आणि ते बिलावर छापलेलं असतंच असं नाही.