आकडा बदलला, कारण कुठे लिहिलं?

देव दत्त हे सीमेवर रस्ते बांधणाऱ्या सरकारी सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी मागच्या पाचही वर्षांचा शेरा ‘खूप चांगला’ असावा लागे. १९९३-९४ या एका वर्षी त्यांच्या गोपनीय अहवालात नुसतं ‘चांगला’ असं लिहिलेलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांची बढती अडली. शेरा प्रतिकूल नव्हता, त्यामुळे तो त्यांना कधी कळवलाच गेला नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १२ मे २००८ रोजी न्यायालयाने निकाल दिला की शेरा चांगला असो, वाईट असो, मधला असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. त्यानंतर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना त्यांचा वार्षिक अहवाल पूर्ण दाखवण्याची पद्धत सुरू झाली.

हा निकाल सरकारी सेवांसाठी होता. हिंजवडी किंवा ऐरोलीतल्या खासगी कंपनीत मार्च-एप्रिलमध्ये जो आकडा हातात पडतो, त्यामागचं कारण दाखवण्याचं बंधन त्या कंपनीवर या निकालाने येत नाही. तिथे आकडा ठरतो तो कॅलिब्रेशन मीटिंगमध्ये. एकाच पातळीचे तीन-चार मॅनेजर आणि एचआरचा एक माणूस एकत्र बसतात, आपापल्या लोकांना देऊ केलेली रेटिंग शेजारी-शेजारी ठेवतात आणि ती एका मापात आणतात. मीटिंग संपली की चर्चा हवेत विरते. उरते ती फक्त तिथे लिहिलेली नोंद, म्हणून न्याय झाला की नाही हे त्या नोंदीवरूनच तपासता येतं.

अशा मीटिंगची गरज खरी आहे. २००० साली स्कलेन, माउंट आणि गॉफ या तीन अमेरिकी संशोधकांनी चार हजारांहून अधिक मॅनेजरांना वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालच्या लोकांनी दिलेले गुण तपासले. गुणांमधल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या धाटणीतून आलेला निघाला. कुणी सढळ हाताने देतो, कुणी राखून देतो, कुणाला बोलका माणूस हुशार वाटतो. म्हणजे एका मॅनेजरचा ‘चार’ आणि दुसऱ्याचा ‘तीन’ यांच्यात कामाचा काही फरक असेलच असं नाही. शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही.

मात्र शेजारी ठेवल्याने पक्षपात आपोआप जात नाही. ज्या मॅनेजरचा आवाज मोठा, त्याच्या लोकांची रेटिंग टिकतात. जो मॅनेजर नवा किंवा भिडस्त, त्याच्या लोकांची खाली येतात. हे अडवण्याचा एक साधा मार्ग आहे: मीटिंगच्या दोन दिवस आधी प्रत्येक मॅनेजरने प्रत्येक माणसाबद्दल तीन-चार ओळींचा पुरावा लेखी द्यायचा, आणि मीटिंगमध्ये आधी पुरावा वाचायचा, आकडा नंतर सांगायचा. आकडा आधी कानावर पडला की ऐकणारे त्याच्याभोवतीच विचार करू लागतात. शिवाय चर्चा टीमनिहाय न करता पदनिहाय करायची. म्हणजे सगळे सीनियर इंजिनिअर एकापाठोपाठ येतात आणि तुलना योग्य जागी होते.

उदाहरणासाठी सॉफ्टवेअर कंपनीतले दोन सीनियर इंजिनिअर कल्पू. मॅनेजर वेगवेगळे, पद एकच. कंपनीच्या पाच पायऱ्यांच्या मापात ‘तीन’चा अर्थ असा: ठरलेली उद्दिष्टं अपेक्षित दर्जाने पूर्ण. ‘चार’चा अर्थ: उद्दिष्टांच्या पलीकडे जाऊन, आपल्या टीमबाहेरही उपयोगी पडलेलं काम.

पहिल्या इंजिनिअरकडे पेमेंटची यंत्रणा आहे. त्याच्या मॅनेजरने लिहून आणलं: “अतिशय कष्टाळू. रात्री-अपरात्री हजर. टीमचा कणा आहे. रेटिंग चार.” दुसरी इंजिनिअर बिलिंगचं काम पाहते आणि २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेवरून वर्षाच्या मध्यावर परतली. तिच्या मॅनेजरने लिहिलं: “चांगलं काम, पण या वर्षी उपलब्धता कमी. रेटिंग तीन.”

बऱ्याच ठिकाणी ही दोन वाक्यं अशीच मान्य होतात. दोन्हींत एक दोष आहे: काम काय झालं हे कुठेच नाही. पहिलं वाक्य स्वभावाबद्दल आहे, दुसरं हजेरीबद्दल. मीटिंग चालवणाऱ्याने इथे थांबून एकच प्रश्न विचारायला हवा: कोणतं काम, त्यातून काय झालं, आणि तुमच्याशिवाय ते आणखी कुणी पाहिलं?

मग पहिल्याबद्दल कळतं की वर्षभरात यंत्रणा सात वेळा बंद पडली आणि प्रत्येक वेळी त्याने ती तासाभराच्या आत सुरू केली. हे चांगलंच काम आहे. पण सातपैकी चार वेळा कारण एकच होतं: सेटिंगमधला बदल तपासणीशिवाय थेट चालू यंत्रणेत जात होता. ही वाट कायमची बंद करणं हे त्याचं वर्षाचं लेखी उद्दिष्ट होतं आणि ते राहून गेलं. आग विझवणारा सगळ्यांना दिसतो. ती पुन्हा का लागते, हे विचारायचं राहतं.

दुसरीबद्दल कळतं की परतल्यावर तिची उद्दिष्टं उरलेल्या महिन्यांपुरती नव्याने ठरवली होती. त्या काळात तिने जुन्या प्रणालीतली सगळी बिलं नव्या प्रणालीत नेली. बदल करण्याआधी सहा आठवडे दोन्ही प्रणाली समांतर चालवून रोजच्या बेरजा जुळवल्या. जुळवणीसाठी तिने लिहिलेला प्रोग्राम पुढे आणखी दोन टीमनी वापरला, आणि त्या टीमचे मॅनेजर त्याच खोलीत बसलेले आहेत. तिच्या यंत्रणेसाठी रात्री कुणाला उठावं लागलं नाही, म्हणून तिचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

आता नोंद अशी होते. पहिल्याची: “प्रस्तावित चार, अंतिम तीन. सात बिघाड तासाभरात दुरुस्त, सपोर्ट टीमच्या नोंदींवरून खात्री. कायमच्या दुरुस्तीचं उद्दिष्ट अपूर्ण. टीमबाहेर उपयोगी पडलेलं काम या वर्षी पुढे आलं नाही. मॅनेजरची हरकत: रात्रीच्या कामाचा ताण मोठा होता. उत्तर: ताण मान्य, त्यासाठी वेगळा भत्ता आहे, रेटिंगच्या व्याख्येत तो बसत नाही.” दुसरीची: “प्रस्तावित तीन, अंतिम चार. कामावर असलेल्या महिन्यांची उद्दिष्टं पूर्ण. जुळवणीचा प्रोग्राम दोन टीमनी वापरला, दोन्ही मॅनेजरांकडून खात्री. मोजमाप कामावर असलेल्या काळापुरतं, रजा कोणत्याही बाजूने विचारात घेतलेली नाही.”

दोन्ही नोंदींत बदलाचं कारण व्याख्येच्या शब्दांत आहे. त्या खोलीत नसलेला माणूसही, नावं झाकून, या दोन नोंदी वाचून सांगू शकेल की एकीला चार का आणि एकाला तीन का. नावं झाकल्यावर आकडा कळत नसेल, तर नोंद अपुरी आहे. मी तरी याहून चांगली कसोटी पाहिलेली नाही.

सगळ्यात अवघड प्रसंग येतो तो कोट्याचा. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी २०-७०-१० अशी वाटणी रुजवली: वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा. अनेक कंपन्यांनी तिची नक्कल केली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये आपल्याकडची सक्तीची वाटणी बंद केली, पण बेल कर्व्ह हा शब्द आपल्याकडच्या आयटीवाल्यांना अजून सांगावा लागत नाही. पगारवाढीचं बजेट ठरलेलं असतं, ‘चार’ मिळणारे सात निघतात आणि वरून निरोप येतो की पाचच बसवा.

दोघांची नावं खाली येतात, आणि मग त्यांच्या नोंदीत दोष शोधून घातला जातो: “संवादकौशल्य वाढवण्यास वाव.” आकडा आधी ठरला आणि कारण मागाहून तयार झालं. ही लबाडी पक्षपाताइतकीच घातक आहे. तो शेरा त्या माणसाच्या नावावर राहतो, पुढच्या वर्षी नवा मॅनेजर तो वाचतो आणि खरा मानतो. कोट्यामुळे खाली आणलं असेल तर तसंच लिहावं: “काम चारच्या व्याख्येत बसतं. मर्यादेमुळे तीन. पुढच्या वर्षी हा तीन कमी कामाचा पुरावा म्हणून वापरू नये.” एचआरला हे वाक्य आवडत नाही, कारण त्यातून कंपनीचा निर्णय कंपनीच्याच कागदावर येतो. ते तिथेच असायला हवं.

मीटिंगनंतर सगळ्या नोंदी एकदा सलग वाचल्या की काही गोष्टी उघड होतात. एखाद्या मॅनेजरच्या एकाही माणसाचा आकडा कधीच बदलत नाही. पुराव्यातल्या सगळ्या घटना जानेवारी-फेब्रुवारीच्या असतात, एप्रिल ते सप्टेंबर कोरे. तेच वागणं पुरुषाच्या नोंदीत ‘ठाम’ असतं आणि बाईच्या नोंदीत ‘आक्रमक’. घरून काम करणाऱ्यांच्या नोंदी दोन ओळींच्या, रोज दिसणाऱ्यांच्या आठ ओळींच्या. दहा-बारा जणांच्या टीममध्ये अशा फरकावरून काही सिद्ध होत नाही, पण कुठे पुन्हा विचारायचं हे नक्की कळतं.

नोंदीची मर्यादाही मोठी आहे. वर्षाच्या सुरुवातीला उद्दिष्टं लिहिलीच नसतील, तर मार्चमध्ये कितीही काळजीपूर्वक लिहिलं तरी मोजायला काही नसतं. मॅनेजरने वर्षभर माणसाचं काम पाहिलंच नसेल, तर पुरावा येणार कुठून? म्हणून काही कंपन्यांत कर्मचाऱ्याने स्वतः लिहिलेला कामाचा आढावा मीटिंगच्या कागदांत जोडतात. गप्प राहून काम करणाऱ्यांना याचा सर्वाधिक उपयोग होतो.

नोंद जशीच्या तशी कर्मचाऱ्याला देता येत नाही, कारण त्यात इतरांशी तुलना असते. इतरांची नावं आणि आकडे गाळून त्याच्या वाट्याचं कारण त्याला सांगता येतं, आणि नोंद चांगली असेल तर ते तीन-चार वाक्यांत सांगून होतं. “कमिटीने ठरवलं, माझ्या हातात नव्हतं” असं म्हणणाऱ्या मॅनेजरकडे बहुधा ती वाक्यं लिहिलेलीच नसतात.

तेव्हा या वर्षी तुम्ही अशा मीटिंगमध्ये बसणार असाल, तर एक आग्रह धरा: बदललेल्या आकड्याचं कारण लिहून, सगळ्यांना वाचून दाखवल्याशिवाय पुढच्या नावाकडे जायचं नाही. आणि तुमचा आकडा दुसरं कुणी ठरवणार असेल, तर मॅनेजरला विचारा की माझ्या रेटिंगचं कारण व्याख्येतल्या कोणत्या शब्दांत लिहिलं आहे. उत्तर मिळालं नाही, तर तो प्रश्न एचआरला लेखी पाठवा.