मोटर घुमते, पण फिरत नाही

बटण दाबलं की पंप नुसता घुमत राहतो आणि टाकीत थेंबही चढत नाही. अशा वेळी मोटर जळली असं समजून ती थेट रिवाइंडिंगला नेली जाते. पण वीज आत पोचल्याशिवाय मोटर घुमत नाही. अडतं ते सुरुवातीच्या धक्क्यापाशी.

सिंगल फेज विजेचं चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमी-जास्त होतं, फिरत नाही. म्हणून घरगुती पंपात रनिंग वायंडिंगसोबत दुसरं स्टार्टिंग वायंडिंग असतं. कपॅसिटर त्यातला प्रवाह पुढे सरकवतो आणि त्या फरकामुळे क्षेत्र फिरू लागतं. यातलं काही बिघडलं की मोटर अडते, नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि काही मिनिटांत खरोखर जळू शकते. त्यामुळे घुमणारा पंप लगेच बंद करावा.

प्लग काढून आधी मागच्या पंख्याकडून शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो घट्ट असेल तर दोष विजेचा नाही. इंपेलर गंजाने किंवा गाळाने अडकलेला असतो, नाहीतर बेअरिंग धरलेलं असतं.

शाफ्ट मोकळा फिरला तर कपॅसिटर तपासायचा. त्यात वीज साठलेली असू शकते, म्हणून त्याची दोन टोकं होल्डरमधल्या साध्या पिवळ्या बल्बच्या वायरींनी काही सेकंद जोडावीत. मग एक वायर सोडवून मल्टीमीटर लावावा. समजा, अंगावर २० मायक्रोफॅरड, अधिक-उणे ५ टक्के असं छापलंय. मग वाचन १९ ते २१च्या दरम्यान हवं. ते ११ आलं तर बाहेरून धडधाकट दिसणारा कपॅसिटरही निकामी समजावा. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्यावेत आणि व्होल्टेज मूळच्यापेक्षा कमी नसावं. मायक्रोफॅरड वाढवले तर स्टार्टिंग वायंडिंग तापतं.

कपॅसिटर चांगला निघाला तर वायंडिंग पाहायचं. मोटरमधून येणाऱ्या तीन वायरी मोकळ्या करून दोन-दोनच्या जोड्यांचा रोध मोजायचा. समजा, लाल-काळीत ४.५ ओहम, निळी-काळीत ८ आणि लाल-निळीत १२.५ आला. सर्वांत मोठा आकडा बाकीच्या दोघांची बेरीज आहे, म्हणजे त्या जोडीबाहेरची काळी वायर सामाईक. बहुतेक पंपांत कमी रोधाचं वायंडिंग रनिंगचं असतं. आता लाल-काळीत ४.५ येतोय, पण निळी असलेल्या दोन्ही जोड्यांत मीटर OL दाखवतोय, तर स्टार्टिंग वायंडिंग तुटलंय. कुठलीही वायर आणि पंपाची बॉडी यांच्यात काही ओहम दिसले, तर पंप पुन्हा लावूच नये, शॉक बसेल.

मात्र वायंडिंगचे दोन-चार वेढे आपसांत चिकटले असतील, तर साध्या मीटरला तो फरक बहुधा कळत नाही. आकडे जुळूनही मोटर झटपट तापत असेल, करपट वास येत असेल आणि क्लॅम्प मीटरवर प्रवाह नेमप्लेटपेक्षा बराच जास्त दिसत असेल, तर ती रिवाइंडिंगला द्यावी.