मनोरीतल्या शाळेत नजर तपासताना

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मनोरीतल्या एखाद्या शाळेत लघुदृष्टीची तपासणी करायची असेल, तर तक्ता भिंतीवर लावण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: दोष सापडलेलं मूल पुढे जाणार कुठे? मनोरीहून रुग्णालय गाठायचं म्हणजे फेरीबोटीने खाडी ओलांडून मार्वेला उतरायचं आणि पुढे मालाडकडे जायचं, किंवा उत्तनवरून भाईंदरचा वळसा घ्यायचा. त्यात आईवडिलांपैकी एकाचा रोज बुडतो. म्हणून चिठ्ठीवर ‘डोळे दाखवून घ्या’ एवढं लिहून भागत नाही. कुठलं रुग्णालय, कुठला वार, कुणाला भेटायचं, हे नेत्रविभागाशी बोलून आधीच पक्कं करा. ते जमत नसेल, तर तपासणी पुढे ढकला.

त्यानंतर परवानग्या. मुख्याध्यापकांची परवानगी ही पालकांची संमती नव्हे. पालकांना मराठीत लिहिलेलं पत्रक द्या आणि सही घ्या. मुलालाही विचारा, ते नको म्हणालं, तर थांबा. या माहितीवर शोधनिबंध लिहायचा असेल, तर महाविद्यालयाच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता कामाला सुरुवात करण्याआधीच हवी.

लघुदृष्टीत डोळ्याचा गोल बहुधा पुढून मागे थोडा लांबलेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. मायनस दोन नंबर असलेल्या मुलाला साधारण ५० सेंटिमीटरपलीकडचं सगळं अंधुक दिसतं, पण वही नीट दिसते. फळा पहिल्यापासून तसाच दिसत आला असला, तर ते तक्रारही करत नाही. म्हणून दूरची नजर मोजावी लागते.

आपण ६/९ ची ओळ निकष धरू. म्हणजे सामान्य नजरेला ९ मीटरवरून वाचता येणारं चिन्ह मुलाला ६ मीटरवरून ओळखता यावं. अंतर पावलांनी मोजू नका. टेपने मोजा आणि जमिनीवर खडूची रेघ मारा. वर्ग लहान निघाला म्हणून मूल ४ मीटरवर उभं केलं, तर तीच ओळ ६/१३.५ एवढी सोपी होते. सौम्य लघुदृष्टीची मुलं त्यात सुटून जातात आणि कागदावर मात्र सगळं ठीक दिसतं. खोली पुरत नसेल, तर व्हरांड्यात या. तक्त्यावर उजेड भरपूर हवा; मुलाच्या डोळ्यांवर मात्र ऊन नको.

‘E’ हे चिन्ह चार दिशांना फिरवून दाखवा, मूल हाताने दिशा दाखवेल. अक्षरांचा तक्ता रांगेतली मुलं ऐकून पाठ करतात. इथे ती सोय उरत नाही. चारपैकी चारही दिशा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २५६ मध्ये एक असते.

समजा, चौथीतली एक मुलगी आली. दोन्ही डोळे उघडे असताना तिने चारही दिशा बरोबर दाखवल्या. इथेच थांबलात, तर दोष निसटला. डावा डोळा तळव्याने झाकायला सांगा, पण दाबू नको म्हणावं आणि बोटांच्या फटीवर लक्ष ठेवा. आता उजव्या डोळ्याने चारपैकी एकच दिशा बरोबर आली, तीही डोळे बारीक करून. मग त्याच डोळ्यासमोर सूक्ष्म छिद्राची चकती धरा. छिद्रातून किरणांची बारीक शलाकाच आत जाते, म्हणून दृष्टिपटलावरचा धूसर ठिपका लहान होतो. चारही दिशा बरोबर आल्या, तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबराचा आहे. सुधारणा झाली नाही, तर आळशी डोळा किंवा दुसरा आजार असू शकतो. त्या मुलीला लवकर पाठवायला हवं. चष्मा असलेल्या मुलांना चष्मा घालूनच तपासा.

तरीही ‘हिला लघुदृष्टी आहे’ असं लिहू नका. चकतीने दृष्टिवैषम्यातही सुधारणा दिसते. शिवाय मुलांचे डोळे जवळच्या वस्तूवर जोरात रोखले जातात आणि खोटा मायनस नंबर निघू शकतो; म्हणून नेत्रतज्ज्ञ थेंब टाकून नंबर काढतात. तुम्ही थेंब टाकायचे नाहीत, नंबर सांगायचा नाही. चिठ्ठीत एवढंच लिहा: ‘उजव्या डोळ्याने ६/९ ची ओळ दिसली नाही, छिद्रातून दिसली.’ निकाल वर्गात मोठ्याने सांगू नका. चिठ्ठी बंद पाकिटात पालकांकडे द्या. ओळ वाचणाऱ्या मुलांच्या पालकांनाही सांगा, की दीर्घदृष्टीची कित्येक मुलं ही ओळ सहज वाचतात, तेव्हा डोकेदुखी किंवा इतर त्रास असल्यास डोळे दाखवावेत.

महिन्याभराने पुन्हा शाळेत जा. किती मुलं तपासली, याच्या शेजारी अहवालात आणखी दोन आकडे लिहा: पाठवलेल्यांपैकी किती रुग्णालयात पोहोचली आणि किती मुलं आज वर्गात चष्मा लावून बसली आहेत. जी पोहोचली नाहीत, त्यांच्या घरी अडचण विचारा आणि पुढची तारीख पालकांच्या सोयीने ठरवा.