सिल्व्हर क्लोराइड अमोनियात का विरघळते?

मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब पडले की परीक्षानळीत लगेच दह्यासारखा पांढरा साका तयार होतो. हा साका म्हणजे सिल्व्हर क्लोराइड, AgCl. कितीही हलवले तरी तो पाण्यात विरघळत नाही, नायट्रिक आम्लातही नाही. पण अमोनियाचे द्रावण घालून नळी हलवली, तर बघता बघता पांढरेपणा जातो आणि नळीत पाण्यासारखे स्वच्छ द्रावण उरते. त्यात नायट्रिक आम्ल ओतले की तोच साका पुन्हा अवतरतो.

‘सिल्व्हर क्लोराइड अविद्राव्य आहे’ हे विधान काटेकोरपणे घेतले तर खरे नाही. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात त्याचे जेमतेम २ मिलिग्रॅम विरघळतात. घन साका आणि त्याच्या भोवतीचे पाणी यांच्यात अखंड देवघेव चालू असते: काही चांदीचे आणि क्लोराइडचे आयन घनातून सुटून पाण्यात येतात, तितकेच परत घनावर जाऊन बसतात. समतोल साधला की पाण्यातल्या मोकळ्या Ag⁺ आणि Cl⁻ यांच्या संहतींचा गुणाकार एका ठरावीक आकड्याला येऊन थांबतो. याला विद्राव्यता गुणाकार म्हणतात आणि सिल्व्हर क्लोराइडसाठी तो १.८ × १०⁻¹⁰ आहे. गुणाकार याहून वाढला की साका पडतो, कमी झाला की साका विरघळू लागतो.

या नियमात ‘मोकळ्या’ हा शब्द कळीचा. चांदी द्रावणात एकूण किती आहे याच्याशी नियमाला कर्तव्य नाही; मोकळी किती, एवढेच तो मोजतो. अमोनिया नेमका इथेच हात घालतो. अमोनियाच्या रेणूत नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनची एक जोडी बंधात न गुंतलेली असते. चांदीचा आयन ती जोडी स्वीकारतो, आणि दोन बाजूंना दोन अमोनिया धरून एका सरळ रेषेतला जटिल आयन बनतो: [Ag(NH₃)₂]⁺. हा आयन पाण्यात सहज राहतो, पण क्लोराइडच्या दृष्टीने त्यातली चांदी हिशेबात नसते. मोकळ्या चांदीची संहती घसरते, गुणाकार मर्यादेखाली येतो आणि तूट भरून काढायला घनातून नवे आयन सुटतात. तेही अमोनिया पकडतो. साका संपेपर्यंत, किंवा अमोनिया पुरेनासा होईपर्यंत, हे चालू राहते.

किती फरक पडतो, हे आकड्यांत पाहण्याजोगे आहे. या जटिल आयनाचा स्थिरता स्थिरांक सुमारे १.७ × १०⁷ आहे. त्याला विद्राव्यता गुणाकाराने गुणले की संपूर्ण क्रियेचा समतोल स्थिरांक मिळतो: सुमारे ०.००३. आकडा एकाहून बराच लहान आहे, म्हणजे अमोनिया सिल्व्हर क्लोराइडवर सहज मात करतो असे नाही. त्याला संख्येच्या बळावर जिंकावे लागते. १ मोलार अमोनियाच्या एका लिटरसाठी गणित सोडवले तर उत्तर येते ०.०५ मोल, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम सिल्व्हर क्लोराइड. साध्या पाण्याच्या तुलनेत ही वाढ साडेतीन हजार पटींहून जास्त आहे. एवढी चांदी द्रावणात असूनही मोकळ्या Ag⁺ आयनांची संहती मात्र ०.००००००००४ मोलारच्या आसपासच राहते.

प्रयोगशाळेत हेच गणित नळीच्या मापाने कामी येते. ०.०५ मोलार सिल्व्हर नायट्रेटचे २ मिलिलिटर वापरले तर साका पडतो सुमारे १४ मिलिग्रॅम, आणि तो विरघळायला १ मोलार अमोनियाचे निदान २ मिलिलिटर लागतात. विद्यार्थी बहुधा दोन-चार थेंब टाकतो आणि साका विरघळत नाही म्हणून क्लोराइड नाही असे लिहून मोकळा होतो. त्यात आधी घातलेले विरल नायट्रिक आम्ल नळीत शिल्लक असते, आणि पहिले थेंब त्या आम्लालाच खर्ची पडतात. आम्लातला हायड्रोजन आयन अमोनियाची तीच इलेक्ट्रॉन जोडी घेऊन अमोनियम आयन बनवतो. मग चांदीला देण्यासारखे अमोनियाकडे काही उरत नाही. शेवटी आम्ल घातल्यावर साका परत येतो तोही याच कारणाने. म्हणून साका खाली बसू द्यावा, वरचे द्रावण ओतून टाकावे आणि मग अमोनिया भरपूर घालावा.

उलट बाजूची चूकही होते. ब्रोमाइडचा साका फिकट पिवळा, आयोडाइडचा पिवळा. पण दिव्याच्या उजेडात पांढरा आणि फिकट पिवळा यांत गल्लत होणे अगदी सोपे आहे. निवाडा अमोनियाने करायचा असतो. सिल्व्हर ब्रोमाइडचा विद्राव्यता गुणाकार ५ × १०⁻¹³ इतका लहान असल्याने १ मोलार अमोनियाच्या लिटरभरात त्याचे जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळते. आयोडाइड तर ९ मिलिग्रॅमच, म्हणजे डोळ्यांना न विरघळल्यासारखेच. मात्र बाटलीतला संहत अमोनिया सुमारे १५ मोलार असतो आणि त्यात ब्रोमाइडही, हिशेबाने, लिटरला ८ ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. विरल अमोनियात क्लोराइड जितके विरघळते, जवळपास तितकेच. परीक्षेला संहत अमोनिया वापरला तर ब्रोमाइड क्लोराइड म्हणून खपून जाते. आयोडाइडला तसा धोका नाही.

हे स्वच्छ द्रावण तसेच ठेवून देण्यासारखे नसते. अमोनिया उडून जातो तसतसे सिल्व्हर क्लोराइड पुन्हा बाहेर पडते, पण खरी काळजी वेगळी आहे. चांदी आणि अमोनिया असलेली द्रावणे उभी राहिली किंवा वाळली तर त्यांतून सिल्व्हर नायट्राइडसारखा काळा पदार्थ बनू शकतो आणि तो नुसत्या धक्क्यानेही फुटतो. परीक्षा झाली की लगेच आम्ल घालून अमोनिया बांधून टाकायचा, हा नियम त्यासाठीच आहे.

स्वीडनचा रसायनज्ञ कार्ल शीले याने १७७७ मध्येच नोंदवले होते की उजेडाने काळे पडलेले सिल्व्हर क्लोराइड अमोनियात टाकले तर न बदललेला भाग विरघळतो आणि काळा भाग, म्हणजे सुटी झालेली चांदी, मागे राहते. छायाचित्र टिकवण्याची युक्ती यात दडलेली होती, पण ती कोणी उचलली नाही. पुढे १८१९ मध्ये जॉन हर्शेल याला आढळले की चांदीचे क्षार सोडियम थायोसल्फेटमध्ये, म्हणजे हायपोत, विरघळतात, आणि १८३९ मध्ये छायाचित्रे पक्की करण्यासाठी त्याने तेच वापरले. थायोसल्फेट चांदीला अमोनियापेक्षा सुमारे दहा लाख पट घट्ट धरते, त्यामुळे फिल्मवरचे ब्रोमाइडही त्यात सहज जाते. तरी पुरवठ्याची अट इथेही सुटत नाही. हायपो वापरून वापरून थकला की चांदीला पुरेसे थायोसल्फेट मिळत नाही, अर्धवट जटिल आयन कागदातच अडकतात, धुतल्याने निघत नाहीत, आणि पुढे त्यांचे सिल्व्हर सल्फाइड होऊन छायाचित्रावर पिवळट-तपकिरी डाग उमटतात.