वरचं तोंड, खालचं तोंड आणि उंची

चहाचा कागदी कप शिवणीवरून सोडवला आणि त्याचा तळ काढून टाकला, तर हातात येणारी पट्टी आयताकृती नसते. तिच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही कडा कमानीसारख्या वळलेल्या असतात. त्या एकाच केंद्राभोवती काढलेल्या दोन वर्तुळांचे भाग असतात. धान्याच्या कोठीखाली बसणारा पत्र्याचा गोल हॉपर याच आकारातून घडतो. फरक इतकाच, की फॅब्रिकेटरला तो आकार आधी सपाट पत्र्यावर आखावा लागतो. त्याच्या हातात असतं फक्त एक चित्र आणि त्यावरची तीन मापं: वरचा व्यास, खालचा व्यास आणि उभी उंची.

पत्र्यावर मात्र यांतलं एकही माप थेट मांडता येत नाही. तिथे लागतात दोन त्रिज्या आणि एक कोन.

एक उदाहरण घेऊ. हॉपरचं वरचं तोंड 800 मिमी, खालचं 200 मिमी आणि उभी उंची 400 मिमी आहे. दहावीच्या भूमितीत अशा आकाराला शंकुछेद म्हणतात आणि त्याची तिरकस उंची काढायला शिकवतात. इथे सुरुवात तिथूनच होते. वरची त्रिज्या 400, खालची 100, म्हणजे भिंत वरून खाली येताना 300 मिमी आत सरकते आणि त्याच वेळी 400 मिमी खाली उतरते. पायथागोरसच्या नियमाने भिंतीची तिरकी लांबी 500 मिमी येते. पत्रा या तिरक्या भिंतीवरून जातो, त्यामुळे आखणीत 500 हाच आकडा धरायचा.

आता कमानीची त्रिज्या. भिंतीवरून 500 मिमी खाली येईपर्यंत व्यास 800 वरून 200 वर, म्हणजे 600 मिमीने घटतो. भिंत तशीच खाली वाढवत नेली, तर एका टोकाशी व्यास शून्य होईल. दर 5 मिमी उतरताना व्यास 6 मिमीने कमी होतो. या हिशेबाने 800 चा शून्य व्हायला 666.7 मिमी लागतात. हीच बाहेरच्या कमानीची त्रिज्या. त्यातून हॉपरच्या भिंतीचे 500 वजा केले की आतल्या कमानीची त्रिज्या उरते, 166.7 मिमी. दोन्ही कमानींचं केंद्र म्हणजे ते काल्पनिक टोक.

कोनासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते: बाहेरच्या कमानीची लांबी वरच्या तोंडाच्या परिघाएवढीच हवी. 800 मिमी व्यासाचा परीघ 2513 मिमी. 666.7 त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचा परीघ 4189 मिमी. पहिला दुसऱ्याच्या 0.6 पट आहे, म्हणून 360 अंशांचे 0.6 पट, 216 अंश. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ही 216 अंशांची वर्तुळपाकळी झाली, आतून एक लहान पाकळी कापून टाकलेली.

```
L = √(((D − d)/2)² + h²)
R = L × D / (D − d)
r = R − L
कोन = 180 × D / R
```

इथे D वरचा व्यास, d खालचा, h उभी उंची, L तिरकस उंची, R बाहेरची त्रिज्या आणि r आतली.

सर्वाधिक फसगत होते ती L च्या जागी h घातल्याने. वरच्याच हॉपरमध्ये कोणी 500 ऐवजी 400 धरले, तर बाहेरची त्रिज्या 533 आणि कोन 270 अंश येतो. पत्रा कापला, वळवला, सांधा जुळला. वरचं तोंड मोजलं तर 800, खालचं 200, दोन्ही अचूक. चूक उंचीत निघते: भिंतच 400 मिमीची असल्यामुळे हॉपर 400 ऐवजी जेमतेम 265 मिमी उंच होतो आणि भिंतीचा उतारही कमी भरतो. म्हणून केवळ तोंडं मोजून काम पास करता येत नाही. उभी उंचीही मोजावी लागते. पत्र्याला हात लावण्याआधी कागदावर एकदशांश मापात पाकळी कापून वळवून पाहिली, तर ही चूक दोन मिनिटांत कळते. 66.7 आणि 16.7 मिमी त्रिज्येच्या पाकळीचा नमुना टेबलावर 40 मिमी उंच उभा राहिला पाहिजे.

आखणीची तऱ्हाही महत्त्वाची आहे. 666.7 मिमी त्रिज्येवर एक अंश म्हणजे कमानीवर साधारण 11.6 मिमी. लहान कोनमापकावर अर्धा अंश चुकला तरी सांध्यात बोटाएवढी नाही, पण वेल्डिंगवाल्याला नक्की खटकेल अशी फट पडते. त्यामुळे कोन अंशांत न मोजता लांबीत मोजलेला बरा. केंद्रातून मधली रेघ काढायची आणि ती बाहेरची कमान जिथे छेदते तिथून दोन्ही बाजूंना सरळ रेषेत 1078.7 मिमी मोजून कमानीवर खुणा करायच्या. प्रत्येक बाजूला 108 अंश होतात. मग लवचीक टेप कमानीवर टेकवून मोजायची: बाहेर 2513 मिमी, आत 628 मिमी. दोन्ही आकडे जुळले की कापायला हरकत नाही.

मापं पत्र्याच्या नेमक्या कुठल्या बाजूची, हा प्रश्न पातळ पत्र्यात दुर्लक्षिला तरी चालतो, जाड पत्र्यात नाही. वळवताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि लांबी टिकते ती साधारण जाडीच्या मध्यावर. म्हणून हिशेबात मध्यावरचे व्यास घ्यायचे. आपल्या हॉपरला 3 मिमी पत्रा आहे आणि चित्रातले 800 बाहेरच्या कडेचे आहेत असं समजू. भिंत तिरकी असल्यामुळे मध्यावरचा व्यास पूर्ण 3 नव्हे, तर 2.4 मिमीने कमी भरतो. परिघात हा फरक साडेसात मिमी होतो. सांधा एकावर एक चढवून रिव्हेट मारायचे असतील, तर त्या पट्टीची रुंदी पाकळीच्या सरळ कडेला वेगळी वाढवावी लागते. ती कोनात मिसळू नये.

पत्रा किती लागेल, हेही पाकळीच ठरवते. ही पाकळी 1333 मिमी लांब आणि 873 मिमी रुंद जागा व्यापते. बाजारात नेहमी मिळणारा पत्रा 2500 × 1250 मिमीचा. दोन पाकळ्या शेजारी शेजारी सरळ ठेवल्या तर 2667 मिमी लागतात आणि दुसरी बसत नाही. पण एक सुलटी आणि एक उलटी ठेवून गोलाई एकमेकींत सरकवली, तर सुमारे 2370 मिमीत दोन्ही मावतात. एका पत्र्यात दोन हॉपर निघतात.

ही रीत कुठे अडते, तेही ठाऊक हवं. तोंडांतला फरक कमी असला की त्रिज्या अवाढव्य होते. वर 800, खाली 790 आणि उंची 400 असेल तर सूत्र 32 मीटर त्रिज्या सांगतं. एवढा दोर वर्कशॉपमध्ये कोण ताणणार? तिथे कमानीवरचे बिंदू हिशेबाने काढून लवचीक पट्टीने जोडावे लागतात. आणि खालचं तोंड वरच्या तोंडाच्या बरोबर मध्याखाली नसून एका बाजूला सरकलेलं असेल, तर भिंतीची तिरकस उंची प्रत्येक ठिकाणी निराळी असते. अशा हॉपरला एक त्रिज्या आणि एक कोन मुळातच नसतो. त्याची भिंत अरुंद त्रिकोणांत विभागून, प्रत्येक बाजूची खरी लांबी काढून, ते त्रिकोण पत्र्यावर एकापुढे एक मांडत जावं लागतं.