डिस्क्रिप्शन मोबाईलवर विस्कटतंय? आधी टॅग मोजा

समजा, तुम्ही कळंबमध्ये घरगुती डाळमिल चालवताय आणि बिनपॉलिश तूर डाळ ऑनलाइन विकायला काढलीय. फोटो झकास आलेत. डिस्क्रिप्शनसाठी तुम्ही वर्डमध्ये छान रंगीत टेबल बनवलं आणि कॉपी करून वेबसाइटवर पेस्ट केलं. कॉम्प्युटरवर सगळं व्यवस्थित दिसतंय, पण गिऱ्हाईक उघडणार मोबाईलवर. तिथे काय होतं ते बघू.

वर्डमधून पेस्ट करताना अक्षरांसोबत लपलेलं एचटीएमएलही येतं: फॉन्टचं नाव, अक्षरांचा आकार, रंग आणि टेबलची रुंदी. समजा टेबल 800 पिक्सेल रुंद आहे. ब्राउझरच्या हिशेबात बऱ्याच मोबाईलची रुंदी साधारण 360 ते 400 पिक्सेल भरते. मग निम्मं टेबल स्क्रीनबाहेर जातं. किंमत बघायला बोटाने बाजूला सरकवावं लागतं, आणि तिकडे अजून काही आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही.

दुसरी अडचण परवानगीची. प्रत्येक ठिकाणी सगळे टॅग चालत नाहीत. ॲमेझॉनने जुलै 2021 पासून डिस्क्रिप्शनमधले एचटीएमएल टॅग बंद केले, फक्त ओळ तोडायचा टॅग ठेवला. स्वतःच्या वूकॉमर्स दुकानात मात्र बरेच टॅग चालतात. जिथे टॅग चालत नाही, तिथे बऱ्याचदा टॅग गाळला जातो आणि आतला मजकूर उरतो. टेबलचे टॅग गेले की चौकटी एकमेकींना चिकटतात: «वजन1 किलोटिकते6 महिने». मजकूर आहे, पण वाचता येत नाही.

म्हणून एक नियम धरा. सगळे टॅग काढून टाकले तरी मजकूर वाचता आला पाहिजे. टॅगने मजकूर फक्त नीटनेटका दिसावा, त्याचा अर्थ टॅगवर अवलंबून नसावा. स्वतःच्या दुकानासाठी चार-पाच टॅग पुरतात. आपली तूर डाळ अशी लिहा:

```html
<p><b>बिनपॉलिश तूर डाळ, 1 किलो.</b>
तेल-पाणी न लावता भरडलेली.</p>
<ul>
<li>वजन: 1 किलो.</li>
<li>टिकते: 6 महिने, हवाबंद डब्यात.</li>
</ul>
```

`p` म्हणजे परिच्छेद, `b` म्हणजे ठळक, `ul` म्हणजे यादी आणि `li` म्हणजे यादीतली एक ओळ. कुठेही रुंदी दिलेली नाही, त्यामुळे स्क्रीन जेवढी असेल तेवढ्यात ओळ आपोआप मोडते. आता मनातल्या मनात टॅग काढा: «वजन: 1 किलो. टिकते: 6 महिने, हवाबंद डब्यात.» तरी समजतंय ना? कारण प्रत्येक ओळीत विसर्गासारखी दोन टिंबं आणि शेवटी पूर्णविराम आहे. हेच ॲमेझॉनवर टाकायचं असेल, तर बाकी टॅग काढून ओळींच्या मध्ये `<br>` ठेवा.

आता खास आपल्या मराठीची गंमत. पॅम्फ्लेट छापताना डीटीपीवाल्याने दिलेला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असू शकतो. त्यात आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, तो फॉन्ट त्यांना फक्त मराठीचं रूप देतो. गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये तो फॉन्ट नसतो, त्यामुळे डाळीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. तुमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट असेल तर तुम्हाला कळणारही नाही. ओळखायचं कसं? मजकूर व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. तिथे कचरा दिसला, तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा मोबाईलच्या मराठी कीबोर्डने पुन्हा टाइप करा. कुठलाही टॅग हे दुरुस्त करू शकत नाही.

पेस्ट करायचीही पद्धत आहे. वर्डमधून आणताना ब्राउझरमध्ये `Ctrl+Shift+V` दाबा, म्हणजे बहुतेक ठिकाणी फक्त साधा मजकूर येतो. वरचा कोड टाकायचा असेल, तर एडिटरच्या कोडच्या भागात टाका. साध्या लिखाणाच्या भागात टाकला, तर गिऱ्हाइकाला `<p>` आणि `<b>` जसेच्या तसे दिसतील. ते दिसले की समजायचं, जागा चुकली.

शेवटी पब्लिश केल्यावर प्रॉडक्टची लिंक साध्या मोबाईलवर उघडा आणि तीन गोष्टी बघा. पान आडवं सरकतंय का? दोन शब्द एकमेकांना चिकटलेत का? वजन आणि टिकण्याची मुदत झूम न करता वाचता येतेय का? सरकत असेल तर रुंदी कुठेतरी राहिलीय, चिकटले असतील तर टॅग गाळला गेलाय. आणि झूम करावं लागत असेल तर अक्षरांचा आकार वर्डमधून आलाय. कोडच्या भागात `width` आणि `font-size` शोधा, ते काढून टाका आणि पान पुन्हा उघडून बघा.