आई-बाबांसाठी व्हीपीएनची चिठ्ठी

घरचे व्हीपीएन म्हणजे प्रवासातला फोन आणि घरातला राउटर यांच्यामध्ये, चारचौघांच्या इंटरनेटवरूनच काढलेली एक बंदिस्त वाट. ती चालू असली की फोन जर्मनीत असला तरी त्याची सारी ये-जा पुण्यातल्या घरातून होते. वेबसाइटला तो घरच्या ब्रॉडबँडवर असल्यासारखा दिसतो, हॉटेलच्या वायफायवाल्याला आतला मजकूर वाचता येत नाही, आणि घरातल्या हार्डडिस्कवरचे फोटो किंवा दारावरचा कॅमेरा फोनला घरबसल्या सापडावा तसा सापडतो. विकतच्या व्हीपीएन सेवेत मधले यंत्र कंपनीचे असते. इथे ते स्वतःच्याच घरात, बहुधा टीव्हीच्या मागे असते. त्यामुळे मासिक वर्गणी नाही. पण घरची वीज गेली आणि राउटर इन्व्हर्टरवर नसला, की वाटही बंद.

हे सगळे बसवून देतो तो मुलगा किंवा मुलगी, आणि परगावी वापरायचे असते ते आई-वडिलांना. म्हणून निघण्यापूर्वी एक चिठ्ठी लिहून द्यावी लागते. अशा चिठ्ठ्यांमध्ये सहसा एवढेच असते : अमुक ॲप उघडा, तमुक बटण सरकवा. बटण सरकवणे कोणालाही जमते. खरी अडचण पुढे आहे. बटण चालू दिसते आणि व्हीपीएन चालू नसते, हे ओळखायचे कसे?

सध्या घरगुती व्हीपीएनसाठी वायरगार्ड ही प्रणाली बरीच वापरली जाते. जेसन डोनेनफेल्ड यांनी ती लिहिली आणि 2020 मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली. आता अनेक राउटरमध्ये ती तयार मिळते. तिचा एक स्वभाव ठाऊक असायला हवा. ती अबोल आहे. योग्य किल्ली नसलेल्या कोणालाही ती उत्तरच देत नाही, नकारसुद्धा कळवत नाही. त्यामुळे चाचपडत येणाऱ्या परक्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तमच. पण याच स्वभावामुळे घरचा राउटर बंद असला तरी फोनवरचे बटण खुशाल चालू होते आणि अँड्रॉइडवर वरच्या पट्टीत किल्लीचे चिन्हही उमटते. मग व्हॉट्सॲपवरचा निरोप जागचा हलत नाही, बातम्या उघडत नाहीत, आणि दोष बिचाऱ्या हॉटेलच्या वायफायला दिला जातो.

खरी खूण ॲपच्या आत असते. बटणाशेजारच्या नावावर बोट ठेवले की तपशिलाचे पान उघडते. त्यात Latest handshake अशी ओळ असते : फोन आणि घर यांची शेवटची हातमिळवणी किती वेळापूर्वी झाली ते ती सांगते. फोन वापरात असताना ही हातमिळवणी साधारण दर दोन मिनिटांनी नव्याने होते. म्हणजे तिथे काही सेकंद किंवा दोन-तीन मिनिटे दिसली तर घर जोडलेले आहे. ओळच नसेल, आणि पाठवलेल्या माहितीचा आकडा वाढत असताना आलेल्या माहितीचा शून्यावरच असेल, तर फोन हाका मारतो आहे आणि घरातून कोणी ओ देत नाही. फोन बराच वेळ नुसता पडून असेल तर मात्र जुनी वेळ दिसू शकते. एखादे पान उघडून मगच पाहावे.

दुसरा घोटाळा क्रमाचा. पुण्याचे दांपत्य फ्रँकफर्टच्या हॉटेलात उतरले आहे असे धरू. तिथे वायफाय जोडताच खोली क्रमांक आणि आडनाव विचारणारे पान येते, आणि ते भरेपर्यंत हॉटेल फोनला बाहेर सोडत नाही. व्हीपीएन आधीच चालू असेल तर फोन थेट घराकडे जाऊ पाहतो, हॉटेल त्याला अडवते, आणि ते पानही समोर येत नाही. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. म्हणून आधी व्हीपीएन बंद, मग वायफाय, मग हॉटेलचे पान, आणि एखादी साधी वेबसाइट उघडल्याची खात्री झाल्यावरच व्हीपीएन चालू. चिठ्ठीत हे असे उतरावे :

“आई, बाबा, हॉटेलात गेल्यावर WireGuard बंद आहे ना ते आधी बघा. वायफाय जोडा, त्यांचं पान आलं की भरा. बातम्यांची साइट उघडली की मग लाल चिन्हाचं WireGuard उघडून ‘घर’ या नावासमोरचं बटण चालू करा. ‘घर’वर बोट ठेवून Latest handshake दिसतंय का बघा. दिसलं नाही तर एकदा बंद करून चालू करा. तरीही नाही, तर वायफाय काढून मोबाइल डेटावर तेच करा. तिथेही नाही, तर घरची वीज गेलेली असेल. बंद ठेवा आणि मला निरोप टाका.”

यातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे. ब्रॉडबँडचा बाहेरचा पत्ता अधूनमधून बदलतो, आणि वायरगार्ड नावावरून तो पत्ता शोधते ते चालू होताना, म्हणून बंद-चालू. काही हॉटेले अनोळखी प्रकारची वाहतूक रोखतात. म्हणून मोबाइल डेटा. दोन्ही ठिकाणी निरुत्तर झाले तर दोष बहुधा घराच्या बाजूला असतो.

तालीम पुण्यातच, निघण्यापूर्वी व्हायला हवी, आणि तीही फोनचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर. घरच्याच वायफायवर बसून केलेली चाचणी फसवी ठरते, कारण आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणे कित्येक राउटरना जमत नाही. तालमीतच अपयश आले तर राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहावा. तो 100.64 ते 100.127 यांतल्या आकड्याने सुरू होत असेल तर कंपनीने एकच खरा पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला आहे. मग बाहेरून घरापर्यंत येता येत नाही, आणि कंपनीकडून स्वतंत्र पत्ता मागून घ्यावा लागतो.

व्हीपीएनकडून काय होणार नाही, तेही एकदा सांगून ठेवलेले बरे. ओटीपीचा एसएमएस भारतीय सिमवर येतो. त्यासाठी रोमिंग लागते, व्हीपीएनचा त्याच्याशी संबंध नाही. काही बँकांची ॲप व्हीपीएन चालू दिसले की कामच नाकारतात. तेव्हा मोबाइल डेटावर जाऊन ते तेवढ्यापुरते बंद करावे. वेगाची मर्यादा घरच्या ब्रॉडबँडच्या अपलोडइतकी असते, म्हणून मालिका अडखळत चालली तर नवल नाही. आणि नियम देशागणिक वेगळे आहेत : चीनमध्ये वायरगार्ड बहुधा अडवलेच जाते, तर अमिरातीत व्हीपीएनआड गुन्हा करण्याला कडक शिक्षा आहे. दुबईत विमान बदलताना ते बंद ठेवायला चिठ्ठीत सांगितले की प्रश्नच मिटतो.

दोघांच्या फोनवर एकच किल्ली घालण्याचा मोह टाळावा. दोन्ही फोन एकाच वेळी चालू झाले की घरचा राउटर उत्तरे कधी आईकडे, कधी बाबांकडे पाठवतो आणि दोन्हीकडे जोडणी तुटत राहते. वेगळ्या किल्ल्यांचा आणखी एक फायदा फोन हरवल्यावर कळतो. राउटरच्या यादीतून तेवढ्या फोनची नोंद काढून टाकली की तो घरात शिरू शकत नाही, आणि दुसऱ्याचा फोन पूर्ववत चालू राहतो. म्हणून फोन हरवल्यास कोणाला आणि कोणत्या क्रमांकावर कळवायचे, ही ओळ चिठ्ठीत हवी. आणि चिठ्ठी कागदावर हवी, पासपोर्टच्या पाकिटात. फोनमध्येच ठेवलेली चिठ्ठी फोनबरोबरच हरवते.